काका, तुम्ही मध्येच वाचायचं थांबलात, त्याबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुम्ही आभार मानू देत नाही, 'चहा घ्या' म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहून टाकतेय.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तुम्ही इराणी दिग्दर्शक अब्बास कियारोस्तामींचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम' लावलात, तेव्हा आई माझ्याबरोबर आली होती ती केवळ घरी एकटीला करमेना म्हणून. सिनेमा फारसी, खालची अक्षरं इंग्रजी आणि आईचं शिक्षण मराठी सातवी. पाचेक मिनिटांत ती उठून जाणार हे मी धरूनच चालले होते. तुम्ही मागून उठून तिच्या शेजारी येऊन बसलात आणि हळू आवाजात ती अक्षरं मराठीत सांगायला लागलात. आजही ते आठवलं की माझा गळा दाटून येतो.

याआधी मी एका मोठ्या शहरातल्या फिल्म क्लबात जाऊन आले होते. तिथे सिनेमाआधी पाऊण तास भाषण. त्यात 'दृश्यभाषा', 'अवकाश', 'काळाचं शिल्प' असं सगळं आलं आणि शेवटही सांगून झाला. मग अंधारात कुणी काही विचारलं की पुढच्या रांगेतून 'शूऽऽ'. जागतिक सिनेमा ही परीक्षा आहे आणि आपण तिला न विचारता बसलोय, असं वाटून मी बाहेर पडले. विद्वान होते सगळे, पण शेजारी बसलेल्या माणसाला काय कळत नाहीये, हे एकाच्याही लक्षात आलं नाही.

तुम्ही आईला गोष्ट सांगितली नाहीत, फक्त बोलणं सांगितलंत. शिक्षक मोहम्मद रेझा नेमतझादेवर ओरडतात, गृहपाठ वहीत न लिहिता सुट्या कागदावर आणला म्हणून तो कागद फाडतात. पुन्हा असं झालं तर शाळेतून नाव काढणार. त्याच दिवशी त्याची वही शेजारच्या अहमदच्या दप्तरात येते, कारण दोन्ही वह्या सारख्याच दिसतात. संकट एवढंच. ना खून, ना खलनायक. कोकेर गावातला आठेक वर्षांचा पोरगा आणि टेकडीपलीकडच्या पोश्तेह गावात राहणाऱ्या मित्राची वही.

पुढे तुम्ही एक गंमत केलीत. अहमद आईला सांगतो, चुकून मित्राची वही आणली, द्यायला जातो. आई म्हणते, आधी अभ्यास कर. तो पुन्हा सांगतो. आई म्हणते, पाळणा हलव. तो पुन्हा तेच. मग पाव आणायला जा. दोन-तीनदा तुम्ही नीट सांगितलंत आणि मग म्हणालात, "वहिनी, तो पुन्हा तेच सांगतोय, आणि ती पुन्हा ऐकत नाहीये." त्यानंतर गप्प बसलात. त्या प्रसंगाची रचनाच ती आहे, हे मला तेव्हा उमगलं. नवी माहिती काहीच येत नाही. तेच वाक्य फिरून येतं, दर वेळी पोराचा आवाज थोडा खाली जातो आणि आपला जीव वर येतो. आई वाईट नाही. धुणं, तान्हं मूल, घरातली कामं, सगळं पडद्यावर दिसतं. म्हणून तिचा रागही करता येत नाही. आमच्या आईने तिथे माझा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही.

मधेच आजोबा येतात. स्वतःच्या खिशात सिगारेट असून नातवाला सिगारेट आणायला पाठवतात, पोराला शिस्त लागावी म्हणून. शेजारच्या माणसाला सांगतात, आमचे वडील आठवड्याला पैसे द्यायचे आणि पंधरवड्याला मार. पैसे द्यायचं कधी विसरायचे, मार कधी विसरले नाहीत. यावर आई मोठ्याने हसली आणि म्हणाली, "हे तर आमचे आप्पा." हॉलमध्ये कुणीही 'शूऽऽ' केलं नाही. इराण तिच्यासाठी त्या क्षणी पलीकडच्या गल्लीत आलं.

टेकडीवरची ती नागमोडी वाट कियारोस्तामींनी चित्रपटासाठी मुद्दाम पाडून घेतली होती, हे तुम्ही नंतर चहाच्या वेळी सांगितलंत, आधी नाही. इराणी सिनेमात मुलांच्याच गोष्टी इतक्या का, या माझ्या प्रश्नालाही तुम्ही कारण दिलंत. मुलांसाठीची 'कानून' ही संस्था इराणच्या क्रांतीआधीपासून होती, तिथला सिनेविभाग 1970 च्या सुमारास कियारोस्तामींनीच उभारायला मदत केली. 1979 नंतर पडद्यावरच्या बाईला स्वतःच्या घरातही डोकं झाकलेलं दाखवावं लागे, मग मोठ्यांचं घरगुती आयुष्य खरं कसं वाटणार? पोरं रस्त्यावर, उघड्यावर असतात. बंधनातून वाट निघाली, पण सगळं श्रेय बंधनाला देऊ नका, असंही बजावलंत. ते मला विशेष आवडलं. एरवी लोक हे 'सेन्सॉरने कला घडवली' म्हणून मोकळे होतात.

शेवटाकडे अहमदला घर सापडत नाही. रात्री तो जेवत नाही, वारा दार सताड उघडतो, बाहेर त्याची आई दोरीवरचे कपडे काढतेय. तो वही उघडून बसलाय. तो काय करायचं ठरवतो ते कुणी बोलून दाखवत नाही. इथे तुम्ही काहीच वाचलं नाहीत, कारण वाचण्यासारखं नव्हतंच. दुसऱ्या दिवशी वर्गात शिक्षक नेमतझादेची वही उघडतात. गृहपाठ झालेला, आणि पानांत एक फूल, वाटेत म्हाताऱ्या सुताराने दिलेलं. आई डोळे पुसत म्हणाली, "त्यानंच लिहिलंय रात्री!" हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिने जोडलं. माझ्या मते इंग्रजी न येणाऱ्या माणसाने हा सिनेमा आपल्यापेक्षा जास्त पाहिला, कारण आपण अर्धा वेळ खाली वाचत बसतो.

काका, उपकार याचेच. तिला कळणार नाही असं तुम्ही गृहीत धरलं नाहीत आणि कळेपर्यंत हात धरून फिरवलंही नाहीत. नंतर इटालियन दिग्दर्शक डी सिकांचा 'बायसिकल थीव्ज' दाखवलात, 1948 चा. तो 1952 मध्ये भारतातल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात आला होता, हे सांगून आईला थेट तिच्या बालपणात नेलंत. चोरीला गेलेली सायकल तिला समजावून द्यावी लागली नाही. आता ती कृष्णधवल म्हटलं तरी नाक मुरडत नाही.

एकच अडचण झालीय. 'द व्हाइट बलून' पाहून आल्यापासून ती तुमच्यावर रागावलीय. जाफर पनाहींचा, 1995 चा. गोल्डफिशसाठी आईकडून पाचशे तोमानची नोट घेऊन निघालेली सात वर्षांची रझिये, जाळीतून खाली पडलेली नोट, आणि फुगेवाल्या अफगाण मुलाच्या काठीला च्युइंगम लावून ती वर काढणं, हे सगळं तिला भारी आवडलं. पण नोट निघाली, भाऊबहीण मासा घ्यायला पळाले, नवं वर्ष सुरू व्हायला आलं, आणि तो पोरगा एका पांढऱ्या फुग्यासह तिथेच बसून राहिला. "त्याला घरी कुणी नेलं नाही? दोन शब्द तरी बोलायचे त्याच्याशी!" असं ती गेले तीन दिवस म्हणतेय. मी म्हटलं, दिग्दर्शकाला तेच तर दाखवायचंय. ते तिला पटलेलं नाही. रविवारी ती तुम्हालाच विचारणार आहे आणि बरोबर शेजारच्या दोघीजणींना आणणार आहे. त्यांनाही इंग्रजी येत नाही, तेव्हा मधली खुर्ची स्वतःसाठी ठेवा.

आपली,
दुसऱ्या रांगेतली मुलगी