बावीस अक्षरांत मावेल एवढीच चूक

रामबाग, इंदूर

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

आईसाठी केलेले गाणे तू आधी माझ्याकडे पाठवलेस आणि ‘चाल बसते का ते बघा’ असे लिहिलेस. शाळेत तीस वर्षे मुलांकडून पदे बसवून घेतलेल्या माणसाला गाणे तपासायला दिले की तो नुसती चाल पाहून थांबत नाही, हे तू गृहीत धरले असशीलच. तिला मी अजून काही दाखवलेले नाही.

पहिली गोष्ट अशी की गाण्यापेक्षा गाण्याच्या वर तू मला उद्देशून जे चार शब्द लिहिले आहेस, ते अधिक चांगले उतरले आहेत. तेथे तू साधे लिहिले आहेस, ‘डॉक्टरांनी तिला विचारले आणि उत्तर मी दिले, तेव्हा तिच्या हातात चिठ्ठी होती.’ खाली गाणे सुरू झाले की मात्र आई देवी होते, तू पापी होतोस, तिच्या काळजाला घाव बसतो आणि तू तिचे पाय अश्रूंनी धुऊ लागतोस. पाच कडव्यांत चिठ्ठी एकदाही येत नाही. हे गाणे कोणत्याही मुलाने कोणत्याही आईला कोणत्याही अपराधाबद्दल पाठवावे असे झाले आहे, आणि ते ऐकून तुझी आई पहिल्यांदा काय करील, तर तुझी समजूत घालील. ज्याने क्षमा मागायची त्याचेच डोळे पुसण्याचे काम तिच्याकडे जाईल.

दुसरे म्हणजे, दुसऱ्या कडव्यात तू ‘ओरडलो मी तुझ्यावरी’ असे लिहिले आहेस. तू ओरडला नव्हतास. मी तिसऱ्या खुर्चीवर होतो. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहून विचारले, ‘माताजी, चक्कर कब से आ रहे हैं?’ तिने पर्स उघडून चिठ्ठी काढली होती, आणि तेवढ्यात तू अगदी मऊ आवाजात म्हणालास, ‘इनको आजकल कुछ याद नहीं रहता, मैं बताता हूँ.’ त्या चिठ्ठीत अकरा दिवसांचे सकाळ-संध्याकाळचे रक्तदाबाचे आकडे होते आणि चक्कर कोणत्या वारी, काय करताना आली ते लिहिलेले होते. एका ठिकाणी ‘मंगळवार, ओट्याशी उभी असताना, साधारण दोन मिनिटे’ असेही होते. तू सांगितलेस की चक्कर महिनाभर येते आहे, आणि डॉक्टरांनी तेच लिहून घेतले. चष्मा कोठे ठेवला ते ती विसरते, मीही विसरतो. पण त्या दिवशी त्या खोलीत सगळ्यांत नीट आठवत होते ते तिलाच.

म्हणून ओरडण्याची कबुली देऊ नकोस. घडलेल्यापेक्षा मोठा अपराध पदरात घेणे दिसायला नम्र दिसते, पण त्याने खरी चूक बाजूलाच राहते. ओळ बरोबर आहे की नाही हे ओळखण्याची माझी कसोटी सोपी आहे: ती ऐकताना आईने ‘हो, असेच झाले’ म्हणावे, ‘अरे, असे कुठे झाले!’ असे म्हणण्याची जागा एकही राहू नये.

आता रचनेकडे येतो. तू मात्रा मोजून लांब ओळी घेतल्या आहेस, आणि त्या भरण्यासाठीच तुला ‘गे’, ‘हाय’, ‘कोमल’, ‘व्याकुळ’ असे भरतीचे शब्द आणावे लागले आहेत. मी तुला मोठ्या अभंगाचा छंद सुचवतो, जो नामदेव-तुकारामांपासून आपल्या कानात बसलेला आहे. त्यात चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणाला जुळते. म्हणजे एका कडव्याला एकूण बावीस अक्षरे मिळतात. जोडाक्षर एकच अक्षर मोजायचे. एवढ्या जागेत रडायला वावच राहत नाही, आणि चौथा चरण अपुरा असल्यामुळे वाक्य जोर न चढवता खाली बसते. वरच्या मजकुरातले तुझेच शब्द मी या छंदात घालून पाहिले:

डॉक्टरांनी तुला । विचारले काही ।
बोललो मी, आई । तुझ्या जागी ॥

‘तिला आठवेना’ । म्हणालो मी तेव्हा ।
चिठ्ठी होती जेव्हा । तुझ्या हाती ॥

तू ती ठेविलीस । घडी न मोडता ।
काही न बोलता । पर्समध्ये ॥

यात ‘क्षमा’ हा शब्द नाही, आणि माझ्या मते तो नसावाच. जे घडले ते करणाऱ्याच्याच तोंडून नीट सांगितले गेले की मागणी वेगळी करावी लागत नाही. ‘पण’ही नाही. तुझ्या चौथ्या कडव्यात ‘कामाचा होता भार शिरावर’ अशी ओळ आहे. ती खरी असेल, आदल्या रात्री तू पुण्याहून निघालास आणि तुला झोप नव्हती, हे मला ठाऊक आहे. ते तिलाही ठाऊक आहे, म्हणूनच ते गाण्यात सांगू नकोस. तसेच पाचव्या कडव्यात ‘आम्ही’ आला आहे, ‘आम्ही न ऐकले तुला’. तेथे मी गप्प बसलो होतो हे खरे; चिठ्ठीतले निम्मे आकडे यंत्रावरून मीच वाचून सांगितले होते आणि तरीही तोंड उघडले नाही. परंतु ती माझी चूक आहे आणि तिच्याशी त्याबद्दल मला स्वतंत्रपणे बोलावे लागेल. तुझ्या गाण्यात ‘आम्ही’ शिरला की तुझा वाटा अर्धा होतो. तेथे ‘मी’च हवा.

चालीबद्दल. तू भैरवी धरली आहेस. भैरवीत रे, ग, ध, नी हे चारही स्वर कोमल, आणि ‘आई’वर तू जी मींड घेतली आहेस ती ऐकताना शब्द काय आहेत याकडे लक्षच जात नाही. मी भूप घ्यावा असे म्हणेन: सा रे ग प ध, पाचही शुद्ध, मध्यम आणि निषाद वर्ज्य. गंधारावर विसावा घ्यावा, वर जायचे तर धैवतापर्यंतच जावे. तुझा आवाज तेवढ्यात स्वच्छ लागतो आणि तार षड्जाला गेला की चिरकतो, हे लहानपणापासूनचे आहे.

ठेका भजनी, आठ मात्रांचा. सहा अक्षरांचा चरण आठ मात्रांत बसवायचा तर पहिल्या चार अक्षरांना एक-एक मात्रा द्यायची आणि शेवटच्या दोन अक्षरांना दोन-दोन. चौथ्या चरणाच्या चारही अक्षरांना दोन-दोन मात्रा मिळतात, म्हणून ‘तुझ्या जागी’ आपोआप सावकाश येते. ‘काही’, ‘आई’ यांचे स्वर दीर्घ असल्यामुळे ते सहज धरता येतात. अडचण दोन तऱ्हेची येईल. ‘तुला’मधला ‘तु’ ऱ्हस्व आहे, तो दोन मात्रा ताणलास तर कानाला खटकेल. तेथे ‘तु’ला एक आणि ‘ला’ला तीन मात्रा दे; ‘मोडता’, ‘बोलता’च्या शेवटच्या दोन अक्षरांनाही तसेच. ‘ठेविलीस’चे उलट कर, ‘ली’ तीन मात्रा धर आणि ‘स’ शेवटच्या मात्रेवर नुसता मिटव. ‘आई’ मात्र दोन-दोन मात्रांतच संपवायची. मराठी गाण्यात त्या एका शब्दावर आजवर इतके रडून झाले आहे की तो एकदाच आणि साधा आला, तरच तुझ्या आईला तो आपल्यासाठी वाटेल.

ध्रुवपद ठेवू नकोस. अभंग गाताना एक कडवे धरून दर वेळी त्याच्यावर परत येण्याची आपली रीत आहे, आणि ‘बोललो मी, आई’ हेच ध्रुवपद करावे असे तुलाही वाटेल. विचार करून पाहा: तिला ती घटना एकदा सांगायची आहे. दर कडव्यानंतर ती परत आली की दुसऱ्या खेपेला ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखे होते आणि तिसऱ्या खेपेला गाणारा स्वतःलाच छड्या मारून घेतो आहे असे वाटू लागते. सरळ तीन कडवी म्हणावीस. सेकंदाला एक मात्रा धरली तर एक कडवे बत्तीस सेकंदांचे होते, म्हणजे सगळे मिळून दीड मिनिटाच्या जरा वर जाईल. तेवढे पुरे आहे.

चौथे कडवे मी एक करून ठेवले आहे, पण ते घ्यावे की नाही हे तुझ्यावर आहे:

पुढल्या भेटीस । बसेन शेजारी ।
चिठ्ठी वाच सारी । तूच त्यांना ॥

डॉक्टरांनी पुढच्या महिन्याच्या 18 तारखेला बोलावले आहे. रजा मंजूर झाली असेल तरच हे कडवे गा. नसेल तर तीन कडव्यांवर थांब, गाणे अपुरे वाटणार नाही. आणि आलास तर शेजारच्या खुर्चीत बसून खरोखर गप्प राहणे तुला जड जाणार आहे, कारण ती सावकाश बोलते, मधे थांबते, आणि डॉक्टर घड्याळाकडे पाहतात. त्या थांबण्यात तू शब्द पुरवू नयेस, एवढेच.

गाणे फोनवर पाठवू नकोस. ती ते लगेच मावशीला ऐकवील आणि मावशी ते साऱ्या भजनी मंडळाला पाठवील, मग जे तुमच्या दोघांचे आहे त्याचे कौतुक सुरू होईल. घरी आलास की दुपारच्या चहानंतर, ती भाजी निवडत असेल तेव्हा, समोर बसून म्हण. पेटी मी धरीन, किंवा तुला नको असेल तर मी त्या वेळी कोपऱ्यावरून पोहे आणायला जाईन. तिने मधेच ‘डॉक्टरांनी चक्करेचे विचारले होते, नुसते काही नाही’ अशी दुरुस्ती केली तर थांबून तिचे ऐक. ती दुरुस्ती करू लागली याचा अर्थ ती ऐकते आहे.

तिसऱ्या कडव्यातली ‘घडी न मोडता’ ही ओळ बदलू नकोस. काल भाजीवाल्याला द्यायला तिने पर्समधून सुटे पैसे काढायला सांगितले तेव्हा मी आतल्या कप्प्यात पाहिले. चिठ्ठी अजून तेथेच आहे, चार घड्या घातलेली.

तुझा,
बाबा