विषय: एम-३ (बॅकलॉग) आणि डीबीएमएस एकाच दिवशी, एकाच वेळी – तारीख बदलून मिळणेबाबत

मा. संचालक,
परीक्षा विभाग

मी तृतीय वर्ष कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी. ९ डिसेंबरला सकाळी १०.३० ते १ या वेळेत माझे दोन पेपर आहेत: सेमिस्टर ५ चा डीबीएमएस आणि सेमिस्टर ३ चा एम-३. माझ्या हॉलतिकिटावर दोन्ही ओळी एकाखाली एक छापल्या आहेत. हॉलतिकीट सोबत जोडले आहे.

मूळ वेळापत्रकात हे पेपर वेगवेगळ्या दिवशी होते. मतदानामुळे एम-३ पुढे ढकलला आणि सुधारित परिपत्रकात तो ९ तारखेला टाकला. तसे करताना द्वितीय वर्षाचे दोन पेपर एकत्र येत नाहीत एवढेच पाहिले गेले. बॅकलॉगवाल्यांना वरच्या वर्षाचाही पेपर असतो, हे कोणी पाहिलेच नाही. आमचे दोन्ही फॉर्म तुमच्याच पोर्टलवर आहेत, दोन्हींची फी तुम्ही घेतली आहे. एकाच पीआरएनवर एकाच वेळी दोन पेपर येतात का, हे तपासायला किती वेळ लागतो?

कॉलेजने विभागाशी बोला म्हणून सांगितले, विभागाने कॉलेजचे पत्र आणा म्हणून. पत्र दिले. आज फोन केला तेव्हा तुमच्या कर्मचाऱ्यांनी विचारले, "दोन्ही देता येणार नाहीत ना? मग एक सोडा." मी म्हटले, कोणता सोडू? तर म्हणाले, "ते तुम्ही ठरवा. वेळेत पास झाला असतात तर ही वेळ आली नसती." मी परिपत्रकाचा क्रमांक सांगू लागले, तर "मॅडम, एका विद्यार्थ्यासाठी विद्यापीठ चालत नाही" म्हणून फोन ठेवला. नापास झाले म्हणून परीक्षेचा हक्क जातो, असे कोणत्या नियमात आहे? बॅकलॉगची परीक्षा तुम्हीच ठेवता, तिची फी तुम्हीच घेता आणि बोलणी आम्ही खायची!

एम-३ सुटला तर हातात फक्त उन्हाळी परीक्षा उरते, आणि द्वितीय वर्ष पूर्ण झाल्याशिवाय आमच्याकडे अंतिम वर्षाला प्रवेश मिळत नाही. म्हणजे वर्ष पणाला लागते.

माझी मागणी एवढीच, की ज्यांचे पेपर आदळतात त्यांचा एम-३ वेगळ्या तारखेला घ्या. प्रश्नपत्रिकेचे एकाहून अधिक संच काढलेले असतात, त्यातला राखीव संच वापरता येईल. तेही शक्य नसेल तर त्याच दिवशी दुपारच्या सत्रात घ्या. मधल्या वेळात आम्हाला मोबाईल काढून घेऊन पर्यवेक्षकांसमोर बसवा, सकाळचा पेपर दिलेल्यांशी संपर्क होऊ देऊ नका. आम्ही बसू.

फोनवरचे उत्तर आता नको. शुक्रवारपर्यंत लेखी निर्णय आला नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाईन, तिथे काही झाले नाही तर यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे लोकपालांकडे. हे पेपर एकत्र आलेले किती फॉर्म पोर्टलवर आहेत, तेही माहिती अधिकारात मागवेन. मी एकटी नाही, आमच्याच वर्गातल्या काही जणांचे हेच हॉलतिकीट आहे.

अर्जदार,
(पीआरएन व बैठक क्रमांक जोडलेल्या हॉलतिकिटावर)