लिफ्ट मजला ओलांडून थांबते त्याबद्दल

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था, राजारामपुरी, कोल्हापूर

विषय : लिफ्टचे ब्रेक लायनिंग बदलेपर्यंत लिफ्ट बंद ठेवणेबाबत

महोदय,

परवा लिफ्ट पाचव्या मजल्याच्या वर जाऊन बंद पडली, तेव्हा तुम्ही गावाला होता. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. मी त्याच्याबरोबर गच्चीवरच्या मशीनरूममध्ये होतो, म्हणून जे बघितलं ते कळवतो. कमिटीत "मागच्यासारखी ब्रेकची स्प्रिंग आवळून घेऊ" असं चाललंय म्हणे, त्यासाठीच हे पत्र.

आल्या आल्या त्यानं पाना काढला नाही. मला विचारलं, "काका, मोकळी वर जाताना जास्त पळतीय का भरून खाली येताना?" मी म्हणालो, दोन्ही वेळा. मग त्यानं टेप घेऊन मोजमाप केलं. रिकामी लिफ्ट वर गेली की मजल्याच्या चार इंच वर थांबायची. सहा माणसं बसवून खाली आणली तर तीन इंच खाली. तिघंच बसले की फरक जेमतेम इंचभर, वर जाताना आणि खाली येतानाही. "म्हणजे लिफ्टला कुठं थांबायचं ते दावणारी मजल्याची चुंबकं जाग्यावर हाईत," तो म्हणाला. "चुंबक हाललं असतं तर त्या एकाच मजल्यावर चुकली असती. ही सगळीकडं चुकतीय, आन वजनापरमाणं चुकतीय."

वजनाचा संबंध त्यानं नंतर सांगितला. दोरीच्या दुसऱ्या टोकाला जे वजन लटकतं, ते डब्याचं वजन अधिक साधारण निम्म्या प्रवाशांचं असं धरून भरलेलं असतं. आपली लिफ्ट सहा जणांची, 408 किलोची. तिघे बसले की दोन्ही बाजू जवळपास सारख्या होतात. डबा रिकामा असला की ते वजन जड पडतं आणि डब्याला वर ओढतं. डबा भरला की तोच खाली ओढतो. ही ओढ रोखायचं काम ब्रेकचं. नव्या लिफ्टमध्ये ड्राइव्हच डबा मजल्यावर शून्य वेगाला आणतो आणि ब्रेक नुसता धरून ठेवतो. आपली जुनी, दोन वेगांची. मजला जवळ आला की मोटर हळू होते, मग तिची वीज तुटते आणि उरलेला वेग ब्रेकनंच मारायचा असतो.

तरी त्यानं आधी दोरी तपासली. पुली आणि दोरीवर मिळून खडूची रेघ ओढली, लिफ्ट वरखाली करून परत तिथंच आणली. रेघ जुळली, म्हणजे दोरी घसरत नव्हती. मग मेन स्विच बंद करून त्यानं मशीनच्या ड्रमला दोन्ही बाजूंनी दाबणारे ब्रेकचे बूट खोलले. एका बाजूचं लायनिंग रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत झिजलेलं, आणि त्या डोक्यांनी ड्रमवर गोल चरे पाडलेले. बोट फिरवलं तर नखाला लागत होते.

आता स्प्रिंगचं. वीज असते तेव्हा कॉइल ब्रेक उघडा धरते, वीज तुटली की स्प्रिंग बुटांना ड्रमवर दाबते. लायनिंग झिजलं की बुटांना जास्त आत यावं लागतं, तेवढी स्प्रिंग सैल पडते आणि दाब कमी होतो. मागे आलेल्या माणसानं ती आवळली, म्हणून थोडे दिवस लिफ्ट बरोबर थांबली. पण स्प्रिंग फार आवळली की कॉइलला ब्रेक पूर्ण उघडता येत नाही. चालत्या लिफ्टमध्ये लायनिंग ड्रमला घासत राहतं, तापतं आणि आणखी लवकर झिजतं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी जळका वास येतो म्हणत होत्या, तो हाच असणार. आपण मात्र सगळ्यांनी गटारीवर ढकललं.

परवा पाचव्याच्या वर लिफ्ट थांबवली ती शेवटच्या लिमिट स्विचनं, म्हणजे डबा हद्दीबाहेर गेला की वीज तोडणाऱ्या स्विचनं. त्या स्विचला रोज हेच काम लावणं मला तरी पटत नाही.

तेव्हा विनंती अशी. दोन्ही बुटांचं लायनिंग एकदमच बदलावं, एकाच बाजूचं नको. ड्रम उद्यमनगरात लेथवर साफ करून घेता येईल, पण किती कापायचं हे मेकॅनिकला विचारूनच. लायनिंग मात्र गाडीच्या ब्रेकचं चिकटवून आणू नये, या मशीनला लागतं तेच मागवावं. जोडल्यावर क्षमतेच्या सव्वापट, म्हणजे 510 किलो वजन ठेवून, आत माणूस न बसवता, लिफ्ट खाली येताना थांबवून बघावी. सिमेंटची दहा पोती आणि वर थोडं एवढं ते होतं. पोती पार्किंगमध्ये पडलेलीच आहेत.

तोवर मेन स्विचला कुलूप असावं. चौथ्या मजल्यावरच्या आजींना दवाखान्यात न्यायचं झालं तर खुर्चीतून उतरवायला आम्ही चौघं तयार आहोत.

आपला,
फ्लॅट क्र. 402 मधील रहिवासी