नफ्यात बुडालेला धंदा

महोदय,
मुलीच्या महाविद्यालयातील स्टार्टअप कार्यक्रमात एका तरुण उद्योजकाचे अपयशावरचे भाषण ऐकले. 'पडा, उठा' छापाचे असेल असे वाटले होते, पण त्याने फळ्यावर थेट हिशोबच मांडला.

मागणी नाही म्हणून त्याचा धंदा बुडाला नव्हता, उलट ती दर महिन्याला दुप्पट होत होती. 100 रुपयांच्या मालामागे 70 रुपये खर्च आधीच करावा लागे आणि मोठा ग्राहक पैसे देई 90 दिवसांनी. पहिल्या महिन्यात एक ऑर्डर, मग दोन, मग चार. तीन महिन्यांत खिशातून 490 गेले, हातात शून्य. चौथ्या महिन्यात पहिले 100 आले, तेव्हा पुढच्या आठ ऑर्डरींसाठी 560 लागत होते. कागदावर प्रत्येक ऑर्डरीत 30 चा नफा, बँकेत खडखडाट! पगार थकले तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आले.

आता तो नफ्याआधी दर सोमवारी खात्यातली शिल्लक आणि येत्या 13 आठवड्यांची देणी-येणी पाहतो. निम्मी रक्कम आगाऊ मिळाली नाही तर ऑर्डर घेत नाही. त्यामुळे काही ग्राहक गेले, हेही त्याने लपवले नाही.

प्रश्नोत्तरांत मात्र बहुतेकांनी गुंतवणूकदार कसा मिळवायचा हेच विचारले. उधारीबद्दल विचारले एकाच मुलीने. तिच्या वडिलांचे दुकान आहे म्हणे.

– एक पालक