भरती-ओहोटी रोज घड्याळाच्या त्याच ठोक्याला येत नाही: मा. पर्यटन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटन मंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

अलिबागेत माझ्या घरी पाहुणे उतरतात. गेल्या पौर्णिमेला एक कुटुंब सकाळी साडेदहाला कुलाबा किल्ल्याकडे चालत निघालं. मी अडवलं, तर त्यांनी मोबाईल पुढे केला. एका वेबसाइटवर लिहिलं होतं, "दररोज सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत ओहोटी असल्याने पर्यटक किल्ल्यावर चालत जाऊ शकतात." भाषा शुद्ध, मांडणी नेटकी. त्यांनी माझ्यापेक्षा त्यावर विश्वास ठेवला. वाटेत घोडागाडीवाल्याने मागे फिरवलं, तोवर लेकराच्या कमरेपर्यंत पाणी आलं होतं.

आमच्याकडे हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बाराच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भर दुपारी उधाण. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. वेबसाइटची वेळ अष्टमीच्या आसपास जुळते, पण तेव्हा भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असते आणि पाणी पुरतं मागे हटतच नाही. शिवाय भरती आणि ओहोटी यांत सुमारे सहा तासांचं अंतर असतं, तेव्हा सलग सहा तास वाट उघडी राहीलच कशी?

असे मजकूर हल्ली अनेकदा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून लिहून घेतात. यंत्र शब्दांमागे शोभतील असे शब्द जोडत जातं. दहा ते चार ही कार्यालयाची वेळ वाक्यात चपखल बसते, पण त्याला ना तारीख दिसते ना चंद्र. मी त्याच वेबसाइटवरचं जंजिऱ्याचं पान उघडलं. तिथेही तेच वाक्य, फक्त किल्ल्याचं नाव बदललेलं! जंजिऱ्याला तर राजपुरीहून होडीनेच जावं लागतं. दुसऱ्या दोन वेबसाइटवरही हाच मजकूर मिळाला. त्या एकमेकींचं उचलतात, म्हणून त्यांना तीन साक्षीदार धरू नये.

यंत्राने लिहिलं की माणसाने, हे निव्वळ वाचून सिद्ध होत नाही. पण रोज बदलणारी गोष्ट तारखेशिवाय सांगितली असेल, किंवा एका गावचं वाक्य दुसऱ्या गावाला जसंच्या तसं चिकटवलं असेल, तर त्या पानावर भरवसा ठेवू नये, हे मी पाहुण्यांना आता दाखवून देते.

आपल्याकडे मागणी एवढीच: भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टकं प्रसिद्ध करतो. त्यांच्या आधारे त्या दिवशी किल्ल्याची वाट किती ते किती उघडी, हे पर्यटन विभागाच्या संकेतस्थळावर मराठीत, तारखेसह द्यावं आणि किनाऱ्यावरच्या फलकावर रोज सकाळी लिहावं. पावसाळा सरून गर्दी सुरू होण्याआधी हे व्हावं.

आपली,
अलिबागेतील एक घरगुती निवास चालवणारी