नदी सरकली की सरहद्द सरकते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नदी म्हणजे निसर्गानेच आखून दिलेली सरहद्द, असे मत या सदरात नुकतेच वाचले. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या पाणलोट रेषेबद्दल ते बऱ्याच अंशी खरे आहे, कारण ती रेषा माणसाच्या हयातीत हलत नाही. गाळाच्या मैदानातली नदी मात्र हलते. वळणाच्या बाहेरच्या काठावर प्रवाहाला जोर असतो, तो काठ पोखरला जातो. आतल्या बाजूला वेग मंदावतो आणि तिथे मळई साठते.

उत्तर प्रदेशातला बलिया आणि पलीकडचे बिहारचे तेव्हाचे शहाबाद, सारण हे जिल्हे घ्या. त्यांच्यामधली हद्द गंगा आणि घाघरा यांची 'खोल धार' अशी ठरलेली होती. पूर ओसरल्यावर धार सरकलेली असे आणि दियाऱ्याची, म्हणजे नदीकाठच्या गाळजमिनीची, शेते दुसऱ्या राज्यात गेलेली असत. पेरणी एका राज्यात झालेली, कापणीला दुसऱ्याचे पोलीस, मग मारामाऱ्या.

जमिनीच्या मालकीपुरता कंपनी सरकारच्या १८२५ च्या अकराव्या रेग्युलेशनने, म्हणजे कायद्याने, या प्रश्नाचा विचार केला होता. गाळ हळूहळू साचून जमीन वाढली तर ती लगतच्या मालकाची. पण नदीने एकाएकी पात्र बदलले आणि तुटून पलीकडे गेलेली जमीन ओळखू येत असेल, तर ती मूळ मालकाचीच. (वेगळा स्थानिक रिवाज सिद्ध झाला तर मात्र तो चाले.) हा फरक जागेवर दिसतो. पलीकडे गेलेल्या तुकड्यावर जुने बांध, विहीर, मोठी झाडे जागच्या जागी असतील आणि मागे चंद्रकोरीसारखे जुने पात्र उरले असेल, तर नदीने उडी मारली. नुसता पाण्याकडे उतरत गेलेला, थरावर थर बसलेला कोवळा गाळ असेल, तर ती सावकाश सरकली.

राज्यांच्या हद्दीसाठी शेवटी धारेचा नादच सोडावा लागला. १९६८ च्या कायद्याने बिहार-उत्तर प्रदेशात खोल धारेऐवजी जमिनीवर कायमची रेषा आखायचे ठरले आणि १० जून १९७० पासून प्रदेशांची अदलाबदल अमलात आली. यमुनेसाठी हरियाणा-उत्तर प्रदेशाने १९७९ च्या कायद्याने तोच मार्ग धरला. याचीही किंमत आहे: नदी सरकते, रेषा राहते, आणि शेतकऱ्याला आपल्याच राज्यातल्या शेतावर नावेने जावे लागते. पात्रातले खांब पुरात वाहून जातात. म्हणून पुरापासून दूर, पक्क्या जमिनीवर संदर्भखांब लागतात आणि तिथून हद्दीपर्यंतचे अंतर व दिशा नकाशात नोंदवावी लागते.

आपल्याकडे प्राणहिता आणि इंद्रावतीच्या काठाने राज्यसीमा जाते. तेरेखोलचा किल्ला तर नदीच्या उत्तर तीरावर असूनही गोव्यात आहे. म्हणजे नदी दिसली की हद्द तीच, असे धरून चालत नाही. तेव्हा कोणत्याही करारात किंवा दस्तात 'हद्द : नदी' एवढेच लिहू नये. काठ, पात्राचा मध्य की खोल धार, ती कोणत्या वर्षीच्या मोजणीची, आणि पात्र बदलल्यास कोणती रेषा धरायची, हे तिन्ही तिथेच लिहावे.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक