ध्वनीची रेघ नागमोडी का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विद्यार्थ्यांसाठीच्या पुरवण्यांत ध्वनीवर काही छापून आले की सोबत एक ठरलेले चित्र असते. एका बाजूला ढोल किंवा लाऊडस्पीकर, दुसऱ्या बाजूला कान आणि मधून सापासारखी वळवळत गेलेली रेघ. मजकूर सांगतो की हवेतला ध्वनी हा अनुतरंग आहे. चित्रात मात्र दिसतो तो अवतरंग. हा धडा पहिल्यांदाच शिकणारे मूल मजकूर विसरते आणि चित्र लक्षात ठेवते. मग परीक्षेत 'अनुतरंग' हा शब्द बिनचूक लिहून येतो, पण हवेचे कण कसे हलतात असे तोंडी विचारले की तेच मूल हवेत हात वर-खाली करून लाटा काढून दाखवते.

व्याख्या सगळ्यांना पाठ असते. माध्यमाचे कण तरंगाच्या दिशेला लंब हलले तर अवतरंग, तरंगाच्या दिशेतच पुढे-मागे हलले तर अनुतरंग. यात दोन निरनिराळ्या हालचालींची तुलना आहे, हे मात्र निसटते. तरंग लांबवर निघून जातो. कण जागच्या जागी हलतो आणि मूळ जागी परत येतो. म्हणून प्रत्येक उदाहरणात दोन बाण काढायला हवेत, एक तरंगाचा आणि एक कणाचा, आणि मग त्यांच्यातला कोन पाहायला हवा. 'वर-खाली म्हणजे अव, आडवे म्हणजे अनु' ही वर्गावर्गांत फिरणारी युक्ती नेमकी इथेच दगा देते, कारण तिच्यात बाण एकच आहे.

ढोलच घेऊ. मिरवणुकीतला ढोल कमरेला आडवा बांधलेला असतो, म्हणजे त्याचे पान उभे असते. टिपरू पानाच्या मध्यावर बसले की पान आत दबते आणि बाहेर येते. ही हालचाल आडवी आहे, त्यामुळे युक्तीवाला विद्यार्थी लगेच 'अनुतरंग' म्हणून मोकळा होतो. आता बाण काढा. टिपरूचा धक्का पानावरून मध्यापासून कडेकडे पसरतो, म्हणजे तरंगाचा बाण पानाच्या पृष्ठाला धरून आहे. पानाचा प्रत्येक ठिपका मात्र पृष्ठाला लंब, आत-बाहेर हलतो. दोन बाणांत काटकोन, म्हणून पानावरचा तरंग अवतरंग. पानाला टेकलेल्या हवेकडे पाहिले तर तीही पानाबरोबर आत-बाहेरच हलते, पण तिच्यातला तरंग पानापासून दूर, ऐकणाऱ्याकडे निघतो. इथे दोन्ही बाण एकाच रेषेत येतात, म्हणून हवेतला तरंग अनुतरंग. आत-बाहेर होण्याची हालचाल दोन्हीकडे तीच, तरी उत्तरे दोन, कारण तरंग कुठे निघाला ते बदलले. ढोल उचलून जमिनीवर उभा ठेवला तर सगळे बाण काटकोनात वळतील, उत्तरे मात्र बदलणार नाहीत.

हे डोळ्यांनी पाहायचे तर खेळण्यातली लांब, सैल वेटोळ्यांची स्प्रिंग लागते. मुले तिला स्लिंकी म्हणतात. ती गुळगुळीत फरशीवर दोघांनी दोन टोके धरून दोन ते अडीच मीटर ताणावी. मधल्या एका वेटोळ्याला लाल लोकरीचा तुकडा बांधावा आणि त्याच्या बरोबर खाली फरशीवर खडूने फुली करावी. आता एकाने आपले टोक घट्ट धरून ठेवावे आणि दुसऱ्याने हात फरशीलगतच बाजूला वीतभर झटकून लगेच मूळ जागी आणावा. स्प्रिंगवरून एक फुगवटा धावत जाईल, आणि तो लोकरीपाशी पोहोचला की लोकर बाजूला सरकून फुलीवर परतेल. हा अवतरंग. यात वर-खाली काहीच झाले नाही, हे मुलांना मुद्दाम विचारून काढून घ्यावे. दुसऱ्या वेळी हात स्प्रिंगच्याच रेषेत पुढे ढकलून मागे आणावा. या खेपेस फुगवटा दिसणार नाही. वेटोळ्यांची एक दाट गर्दी स्प्रिंगभर सरकत जाईल आणि लोकर त्याच रेषेत थोडी पुढे जाऊन परत फुलीवर येईल. ती गर्दी म्हणजे संपीडन. हात मागे येतो तेव्हा तिच्या पाठोपाठ जो विरळ भाग जातो ते विरलन.

हा प्रयोग बहुतेक वेळा तीन कारणांनी फसतो. सतरंजीवर केला तर घर्षणाने तरंग मध्यापर्यंतही पोहोचत नाही. हात तिरका झटकला तर दोन्ही तरंग एकदमच निघतात आणि लोकर तिरकी हलते. तेव्हा भिंतीची कड किंवा फरशीचा सांधा धरून हात हलवावा. तिसरी गोष्ट जास्त फसवी आहे. तरंग पलीकडच्या टोकावर आपटून परत येतो, लोकर दुसऱ्यांदा हलते आणि कुठली हालचाल कुठल्या तरंगाची याचा घोळ होतो. म्हणून फक्त पहिली फेरी पाहावी. तीही अर्ध्या-एक सेकंदात संपते, म्हणून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करून पाहिलेले बरे. स्प्रिंग हवेत लोंबकळत धरू नये, तिला झोळ पडतो. जाता जाता एक गंमत: या स्प्रिंगवर दोन्ही तरंगांना पलीकडे पोहोचायला जवळजवळ सारखाच वेळ लागतो. त्यामुळे 'जलद तो अनुतरंग' अशी खूण इथे चालत नाही.

आता हुशार मूल विचारते की स्प्रिंगमध्ये दोन्ही तरंग जातात, तर हवेत अवतरंग का जात नाही? सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने दाबून दांडा खाली रेटा. आतली हवा दबते आणि हात सोडला की दांडा वर ढकलते. दाबले की उलट ढकलणे हवेला जमते, म्हणून संपीडन पुढे सरकते. पण हवेचा एक थर बाजूला सरकवला तर शेजारचा थर त्याला खेचून जागेवर आणत नाही. खेचून परत आणणारे कोणी नसेल तर लंब दिशेचे दोलन पुढे जाणार कसे? स्प्रिंगची तार शेजारच्या वेटोळ्याला ओढते, ढोलाचे ताणलेले पान ओढते, घन खडकही ओढतो. हवा आणि पाणी यांच्या आतून असे होत नाही.

खडकाचे उदाहरण महाराष्ट्राला परके नाही. कोयनेच्या 11 डिसेंबर 1967 च्या किंवा किल्लारीच्या 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपासारख्या धक्क्यात दोन्ही प्रकार एकाच वेळी केंद्रापासून निघतात. कवचाच्या खडकात अनुतरंग साधारणपणे सेकंदाला 6 किलोमीटर जातात आणि अवतरंग साडेतीन. 84 किलोमीटरवरच्या भूकंपमापकावर पहिले 14 सेकंदांनी पोहोचतात, दुसरे 24 सेकंदांनी. मधले 10 सेकंद मोजून अंतर उलटे काढता येते: एका सेकंदाच्या फरकाला सुमारे 8 किलोमीटर. पृथ्वीचा बाह्य गाभा द्रवरूप आहे हेही असेच कळले, कारण अवतरंग त्यातून पलीकडे जात नाहीत.

पाण्यावरच्या लाटेबद्दल मात्र संभाळून लिहावे. पुस्तकांत ती अवतरंगाचे पहिले उदाहरण म्हणून येते, पण समुद्रात तरंगणारा चेंडू नुसता वर-खाली होत नाही. लाटेचा माथा आला की तो थोडा पुढे जातो, खळगा आला की मागे येतो, म्हणजे जवळजवळ गोल फिरतो. खोल पाण्यातल्या लाटेत लंब हालचालही आहे आणि लाटेच्या दिशेतलीही. सुरुवातीला समजावण्यासाठी ताणलेली दोरी हे उदाहरण जास्त प्रामाणिक. प्रकाश अवतरंग आहे, पण तिथे माध्यमाचे कण हलतच नाहीत, म्हणून दोन बाणांच्या या सरावातून तो तूर्त बाजूला ठेवावा.

आता त्या चित्राकडे येऊ. नागमोडी रेघ खोटी नसते. तो आलेख असतो, फक्त अक्षांची नावे पुसलेला. आडव्या अक्षावर ढोलापासूनचे अंतर असते आणि उभ्या अक्षावर हवेचा दाब किंवा घनता. रेघ वर गेली याचा अर्थ त्या ठिकाणी हवा दाटली, ती उंच उडाली असा नव्हे. ढोल कितीही घुमत असला तरी हवेचे कण फार तर मिलिमीटरच्या काही शतांश इतकेच पुढे-मागे होतात. हवा ढोलापासून कानापर्यंत प्रवास करते हा समजही याच चित्रातून येतो. तसे असते तर प्रत्येक ठोक्याला ताशी बाराशे किलोमीटरचा वारा सुटला असता.

आपल्या चित्रकारांसाठी एक मोजमाप देतो. ढोलाचा आवाज सेकंदाला 100 कंपनांचा धरू. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणून तरंगलांबी 3.4 मीटर. कागदावर एका मीटरला एक सेंटिमीटर घेऊन ढोलापासून कानापर्यंत बारीक ठिपक्यांचा पट्टा भरावा. एका जागी ठिपके दाट, तिथून 1.7 सेंटिमीटरवर विरळ, 3.4 सेंटिमीटरवर पुन्हा दाट. मधल्या एखाद्याच ठिपक्याला लाल रंग द्यावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, पट्ट्याच्याच रेषेत, दुतोंडी बाण काढावा. तरंगाचा लांब बाण पट्ट्याच्या वर वेगळा. नागमोडी रेघ हवीच असेल तर ती पट्ट्याखाली यावी, तिचे माथे वरच्या दाट जागांच्या बरोबर खाली, आणि उभ्या अक्षाशी 'हवेचा दाब' हे दोन शब्द. ढोल आणि कान या खालच्या आलेखात काढू नयेत, ते वरच्या पट्ट्याचे आहेत.

आपले,
भौतिकशास्त्र शिकवणारे दोन वाचक